पाच वर्षांची एक ओळ

आमच्या जळगाव जामोदमध्ये लग्नाचा बायोडाटा आणि नोकरीचा बायोडाटा एकाच दुकानात निघतो, आणि बहुतेक वेळा एकाच साच्यातून. बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटरवाल्याने माझा पहिला कागद काढला तेव्हा त्यावर गणपती नव्हता एवढंच नशीब. नवऱ्याचं नाव, त्याची नोकरी, माझी उंची, माझा रंग, सगळं होतं. मी म्हटलं, "भाऊ, मला नोकरी पाहिजे, स्थळ नको." तो हसला आणि उंची-रंग पुसून टाकले.

मी केमिस्ट. एम.एस्सी. झाल्यावर खामगावकडच्या एका तेल कारखान्याच्या लॅबमध्ये सहा वर्षं काम केलं. मग मुलगी झाली. लॅबला तीन पाळ्या, सासूबाईंचे गुडघे गेलेले, नवरा शाळामास्तर. मी नोकरी सोडली. निर्णय माझा होता आणि मला त्याचा पस्तावा नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण लोक त्याच जागी बोट ठेवतात. आता मुलगी शाळेत जायला लागली होती, आणि नांदुऱ्याच्या रस्त्यावरच्या सोया तेल कारखान्यात केमिस्टची जागा निघाली होती. अशी जागा आमच्याकडे वर्षानुवर्षं निघत नाही. मला ती हवीच होती.

"ताई, हे मंधातले पाच वर्ष?" कॉम्प्युटरवाल्याने विचारलं.

"पोरगी सांभाळली."

"ते त समजलं मले. पण गॅप दिसला का फेकून देतात कागद."

हीच धास्ती घरातही होती. धाकट्या दिरांचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. ते म्हणाले, "वहिनी, मी देतो ना अनुभवाचं सर्टिफिकेट. पाच वर्ष माह्या दुकानात होत्या म्हनून लिहून टाकू." आमच्याकडे अशी सर्टिफिकेटं मायेने दिली जातात, लग्नघरी सतरंज्या द्याव्यात तशी. त्यांचा हेतू खोटा नव्हता, कागद खोटा झाला असता. पगार बँकेत नाही, पीएफ नाही, एका फोनवर सगळं उघडं पडलं असतं. आणि त्यापायी माझी खरी सहा वर्षंही संशयात गेली असती. मी नको म्हटलं. कॉम्प्युटरवाल्याला सांगितलं, आहे तसंच लिहा, आणि मुलीची शाळा सुटायची वेळ झाली म्हणून निघाले. अर्ज तो स्वतःच्याच मेलवरून पाठवतो, सगळ्यांचेच पाठवतो.

दुसऱ्या दिवशी प्रिंट घ्यायला गेले तर जुनी नोकरी गेल्या महिन्यात सोडल्याची तारीख. मधली पाच वर्षं गायब. त्याने जुनी नोकरी ओढून ताणून इथपर्यंत आणली होती.

"बुजवला गॅप," तो आनंदाने म्हणाला. "अर्ज पाठवूनबी देला. याचे काही पैसे नाही घेतले, ताई."

माझं डोकं फिरलं. प्रिंट घेतली आणि घरी आले.

नवरा म्हणाला, "गेला तो गेला आता. काऊन उकरून काढतं? बोलावलं त मंग पाहू." सासूबाई अंगणात हरभऱ्याची भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाच वर्ष का चोरी केली हिनं, लपवाले?" घरात त्या माझ्या बाजूने क्वचितच बोलतात, म्हणून ते वाक्य मला पुरलं.

संध्याकाळी मी स्वतः लिहायला बसले. आधी इंटरनेटवर पाहिलं. तिथल्या सल्ल्याप्रमाणे मुलीचं जेवण म्हणजे 'व्यवस्थापन' आणि तिचा ताप म्हणजे 'संकटनिवारण'. तसं लिहूनही पाहिलं आणि माझं मलाच हसू आलं. माझ्या लेकीचा ताप कुणाच्या कारखान्यात का मिरवायचा? पुसलं.

मग सरळ लिहिलं. सगळ्यात वर मला काय येतं ते: सोयाबीनचा ओलावा, तेलातली आम्लता, नमुना घेण्याची पद्धत. त्याखाली यंदाचं काम. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून मी तीन महिने माती परीक्षण केंद्रात जात होते, आणि अन्नसुरक्षेचा ऑनलाइन कोर्स केला होता. ते खरं होतं, ताजं होतं, म्हणून वर आलं. मग वर्षं घालून एकच ओळ: 'मुलीच्या संगोपनासाठी नोकरीतून विराम, आता पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध.' त्याखाली जुनी सहा वर्षं, सविस्तर. सासूबाईंचे गुडघे नाहीत, माफी नाही, नवऱ्याचं नाव नाही. माझ्या मेलवरून पाठवला आणि सोबत दोन वाक्यं लिहिली: आधीच्या अर्जात नोकरी सोडल्याची तारीख चुकीची गेली आहे; कृपया हा अर्ज धरावा. जागा हातची गेली असं वाटलं.

बोलावणं आलं. लॅबचे प्रमुख पन्नाशीचे, टेबलावर माझे दोन्ही अर्ज शेजारी शेजारी.

"पाच वर्षं काय केलं?"

मी आरशासमोर घोकलेलं तेवढंच बोलले. "मुलगी लहान होती, तिच्यासाठी घरी होते. आता ती शाळेत जाते. या वर्षी पुन्हा लॅबमध्ये हात बसवलाय. काम दाखवू का?"

"मुलगी आजारी पडली तर?"

"घरात तिचा बाप आहे, आजी आहे. सर, हा प्रश्न पुरुषांनाही विचारता का?"

बोलले आणि वाटलं, संपलं. ते उठले आणि मला लॅबमध्ये घेऊन गेले. तेलाची आम्लता काढायला सांगितली. ब्युरेटच्या काचनळीची चावी धरली आणि हाताला सगळं आठवलं. थेंब थेंब, थेंब थेंब, फिकट गुलाबी रंग टिकला तिथे थांबले. भीती कुठल्या कुठे गेली. इथे मला कुणी अडवू शकत नव्हतं. नवीन यंत्राकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हे चालवलंय?" "नाही. शिकेन," म्हटलं.

परत टेबलापाशी आलो. त्यांनी पहिला, चुकीचा अर्ज उचलला. "हा फाडून टाकू?"

"नको, सर."

लॅबच्या रजिस्टरमध्ये आकडा चुकला तर पान फाडत नाहीत, पांढरी शाई लावत नाहीत. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरा आकडा, सही, तारीख. मी त्यांचा पेन मागितला. ताणलेल्या तारखेवर एक रेघ मारली, शेजारी खरी तारीख लिहिली, आणि त्याखाली पाच वर्षांची ती ओळ हाताने लिहून सही केली.

त्यांनी दोन्ही अर्ज एकत्र टाचले. "माझ्याकडे न घेतलेली रीडिंग रजिस्टरमध्ये भरणारे खूप आले," ते म्हणाले. "सोमवारपासून या."

बाहेर रस्त्यावर येऊन मी रडले. मग नाक पुसून बस पकडली.

कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला त्याच दुकानात गेले तेव्हा खुर्चीवर एक नर्सबाई बसली होती, मांडीवर पोरगं. कॉम्प्युटरवाला तिच्या तारखांकडे बघत डोकं खाजवत होता. नोकरी लागली त्याच दिवशी मी त्याला माझा नवा अर्ज दाखवला होता. मला पाहून म्हणाला, "ताई, बरं झालं आल्या. ते वाक्य काय होतं हो तुमचं?"

मी स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसले. "आधी यांना विचारा," म्हटलं, "नोकरी खरंच कधी सोडली."