कॉलरची खाच

त्या कारखान्यात कापडाला पहिली कात्री लावायचा मान सव्वीस वर्षं एकाच माणसाकडे होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. वर्षभरापासून त्याची नजर अधू होत चालली होती, पण हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं, कारण तिच्या पोटात काही राहत नसे. बातमी मालकीणबाईंच्या कानावर गेली असती तर कापायचं टेबल हातचं गेलं असतं. आणि टेबलाशिवाय आपण म्हणजे नुसता एक कुरकुऱ्या म्हातारा, असं मास्तरचं स्वतःबद्दलचं स्पष्ट मत होतं.

त्या दिवशी मालकीणबाईंनी टेबलावर एक छापलेला फोटो ठेवला. एका हॉटेलला नोकरांसाठी असे चाळीस नग हवे होते. "हे नक्की काय आहे ते ठरवा. बारा वाजता कापायला घ्यायचं," म्हणाल्या आणि फोनवर बोलत बाहेर गेल्या.

मास्तरने फोटो नाकापाशी नेला, लांब धरला. एक तपकिरी ठिपका आणि मानेजवळ दुमडलेलं काहीतरी. "ब्लेझर," तो म्हणाला.

"कुठला ब्लेझर?" शिवणयंत्रावरून कारागीर उठून आला. हा त्याचा जुना मित्र. बोलणं असं टोचायचं की सगळे त्याला टाचणी म्हणत. "अरे, शर्ट-जॅकेट आहे ते. कापड बघ किती जाड आहे."

"कापडावरून कपडा ठरवतोस? तीस वर्षं मशीन चालवून हेच शिकलास? छातीवर दुमडलेली ही लॅपल दिसत नाही तुला?"

"लॅपल नाही, उघडी टाकलेली कॉलर आहे ती."

मास्तरचा आवाज चढला. "ब्लेझरची कॉलर वेगळी असते, लॅपल वेगळी. दोन्ही तिरक्या शिवणीने जोडतात आणि शिवण संपते तिथे खाच राहते. ती आहे इथे."

"बोट ठेव खाचेवर."

मास्तरने ठेवलं. टाचणीने वाकून बोटाखाली पाहिलं.

"ती सावली आहे," तो म्हणाला. "तुला दिसत नाही."

"छपाई घाण आहे."

"छपाईला नावं ठेवू नकोस. मागच्या महिन्यात चार कोटांच्या बाह्या पिळल्या. बाहीच्या माथ्यावरची खूण बोटभर सरकलेली होती. खूण तू कापलीस, मी नुसती जुळवली. बाईंनी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली, तेव्हा तू शेजारी उभा राहून खडूला टोक काढत होतास."

मास्तरने चिडून फोटो टेबलावर आपटला. "मग जा, सांग बाईंना. टेबल पाहिजेच आहे तुला."

"सांगणारच आहे. चाळीस नगांचं कापड आहे. ब्लेझर म्हणून दोन तुकड्यांची बाही कापलीस की तिची शर्टाची सबंध बाही पुन्हा होते का? शर्ट-जॅकेट म्हणून कापू."

इथे मात्र मास्तरचं डोकं ठिकाणावर आलं. नजर गेली होती, अक्कल नव्हती गेली.

"थांब. तुला दिसतंय ना? मग बोल. पुढचा भाग उघडा आहे, आत अस्तर आहे?"

"नाही. कापडाची उलटी बाजू दिसते."

"खालची कड?"

"गोलाई आहे. शर्टासारखी."

"बाजूला हात घालायचे खिसे?"

"नाहीत. छातीवर दोन, वरून लावलेले. मनगटाला कफ, बटणाचा. खांद्यावर जोडपट्टी."

"अस्तर नाही, बाजूचे खिसे नाहीत, कड गोल. मग जॅकेट कुठून आलं त्यात? जाड कापडाचा शर्ट आहे तो, आतल्या शर्टावरून घालायला चार बोटं ढगळ. ओव्हरशर्ट. तुझ्या बोलण्यावर सरळ कड आणि बाजूचे खिसे कापले असते तर चाळीस नग परत आले असते."

टाचणीला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे आंधळा तू, आणि चूक माझी?"

"तुझी चूकच. माझी लबाडी होती."

हे शब्द मास्तरच्या तोंडून निघाले कसे, त्याचं त्यालाच कळलं नाही. टाचणीचा चेहरा जराही मऊ झाला नाही. "वहिनींना माहीत आहे?" त्याने विचारलं.

"नाही."

मालकीणबाई आत आल्या. "ठरलं का?"

टाचणीने तोंड उघडलं, पण मास्तर आधी बोलला. "ओव्हरशर्ट आहे बाई. आणि त्या चार बाह्या मी चुकीच्या कापल्या होत्या. मला नीट दिसत नाही. आज खुणा यालाच करू द्या, मी शेजारी उभा राहून सांगतो."

बाईंनी टाचणीकडे पाहिलं. टाचणीने खडू उचलला, टेबलाच्या मास्तरच्या बाजूला येऊन उभा राहिला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाला, "सरक."