वीस अंशांच्या खोलीतल्या ताई

आमच्या कारखान्याच्या तळघरात एक खोली आहे. तिथे वर्षभर एकच ऋतू असतो. वीस अंश, ना उन्हाळा, ना हिवाळा. खिडकी नाही. दारं दोन, काचेची, आणि एक नीट लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत पाऊल टाकलं की बाहेरचा सगळा खडखडाट कापसात गुंडाळल्यासारखा दूर जातो, आणि माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. मी सोडून. मी मुळातच तोंडाची फटकळ.

ही खोली ताईंची, आणि मी त्यांच्या हाताखाली. आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणायचो, साहेबसुद्धा. काम लांबी मोजण्याचं. कारखान्यातली सगळी मापं ज्या पोलादी ठोकळ्यांवरून जुळवतात, ते स्लिप गेज आधी इथे तपासायचे. एक ठोकळा आपल्याकडचा, खात्रीचा, दुसरा तपासायचा. कंपॅरेटर नावाच्या यंत्राखाली आळीपाळीने दोन्ही ठेवायचे आणि फरक बघायचा. फरक केवढा, तर केसाच्या जाडीपुढेही काहीच नाही एवढा. पोलाद उबेने वाढतं. बोटभर लांबीचा ठोकळा चिमूटभर तापला तरी आकडा खोटा पडतो.

म्हणून ताई आदल्या संध्याकाळीच ठोकळे पुसून यंत्राजवळच्या जाड पोलादी पाटावर मांडायच्या. त्याला त्या 'झोपवणं' म्हणायच्या. "रात्रभर एका पाटावर झोपले की दोघं एका अंगाचे होतात," असं म्हणत त्या दिवा मालवायच्या. यंत्र मात्र बंद करायचं नाही. यंत्राच्या पोटातले विजेचे भाग गरम होऊन स्थिरावायला वेळ लागतो, आणि तोवर ते काहीबाही बडबडतं. सकाळी उशिरा उठणाऱ्या माणसासारखं. हवेतला ओलावा पन्नास टक्क्यांच्या आतच ठेवायचा, नाहीतर आरशासारख्या पोलादावर गंजाचे ठिपके उठतात. ठोकळ्याला उघडा हात लावला तर माझ्यासारखीशीही ताई दिवसभर बोलायच्या नाहीत.

त्या खोलीत त्यांच्याबरोबर बसलं की वेळ पातळ होऊन पसरायचा. यंत्राची बारीक गुणगुण, हिरवट आकडे, चिमट्याचा हलका टक्क आवाज. किती वेळा मी उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघितली तिथे! ताई कोटाच्या आत राखाडी स्वेटर घालून अशा निश्चल बसायच्या, की त्या श्वास तरी घेतात का, असं वाटावं.

त्या वर्षी बाहेरून एक ठोकळा आला. तो आमच्यासारख्या बऱ्याच खोल्यांमधून फिरत होता. प्रत्येकाने त्याची लांबी मोजायची, दुसऱ्याचा आकडा न बघता, आणि मग सगळे ताडून पाहणार. नियम साधा होता: ज्याच्या हातचा आकडा जुळेल, त्यालाच पुढची वर्षं लांबीच्या दाखल्यांवर सही करता येईल. आजवर ती सही ताईंची. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली, आणि या कामाशिवाय त्यांना दुसरं काही नको होतं.

पहिल्या दिवशी सकाळचे आकडे सुरेख आले. दुपारकडे फरक सरकायला लागला. हळूहळू, एकाच बाजूला. दुसऱ्या दिवशीही तेच.

माझा पहिला संशय पलीकडच्या शेडमधल्या, पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवर. तो धडधडतो तेव्हा पेल्यातलं पाणीही थरथरतं. आमचं ग्रॅनाइटचं टेबल रबरी पायांवर उभं, तरी जेवणाच्या सुट्टीत प्रेस थांबल्यावर आम्ही पुन्हा मोजलं. आकडा सरकतच होता. शिवाय धक्क्याने आकडा थरथरला असता. असा एकाच दिशेला चालत गेला नसता. ओलावा ठीक, यंत्र आठवडाभर चालू. मग उरला एसीवाला मिस्त्री.

"भिंतीवरचा काटा वीसवर आहे, बाई," तो म्हणाला. "अजून काय पाहिजे?"

"भिंतीला नाही मोजायचं आम्हाला," मी तडकले.

ताई हसल्या. "भांडू नकोस गं. रात्री मीपण अशीच भांडते ह्यांच्याशी. पाळी गेल्यापासून अंगातून नुसत्या वाफा निघतात. मला पंखा जोरात लागतो, आणि हे दोन पांघरुणं घेऊन भिंतीला चिकटतात." आणि त्यांनी कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या. स्वेटर खुंटीवर होता.

मिस्त्रीला रंगेहाथ पकडायचंच, असं मी ठरवलं. एका जुन्या ठोकळ्याला तारेचा चिमुकला तापमापक चिकटवला, तो पाटावर ठेवला आणि पडद्यावर त्याची रेघ उमटू दिली. ताई कामाला बसल्या. रेघ सपाट होती. मग वर चढायला लागली.

ताई चहाला वर गेल्या. रेघ सावकाश उतरली. त्या परत येऊन बसल्या, कपाळ पुसलं, आणि रेघ पुन्हा वर.

यंत्रापुढे पारदर्शक आडोसा होता, पण वाट बघणारे ठोकळे त्याच्या बाहेर, ताईंच्या उजव्या कोपराशी. तपासायचा ठोकळा जवळ, आपला खात्रीचा लांब. इतकी वर्षं स्वेटरच्या बाहीने अडवलेली ऊब आता उघड्या हातातून जवळच्यावर जास्त पडत होती. मी पडदा बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," ताई म्हणाल्या. त्यांनी ते माझ्याआधीच पाहिलं होतं. "म्हणजे ती ऊब माझीच की."

आम्ही ठोकळ्यांसमोरही आडोसा लावला. ताईंनी स्वेटर घातला आणि घामाने निथळल्या. अंगातल्या वाफांची लाट कधी येईल याचा नेम नव्हता. आकडा सुधारला, पण बसेना. ठोकळा दुसऱ्या दिवशी पुढे रवाना व्हायचा होता.

"ताई, सकाळचे आकडे घ्या ना," मी चिडून म्हटलं. "ते छान आहेत. कोण विचारतंय?"

"मला आवडले म्हणून ते खरे होत नाहीत." त्या उठल्या. "तुझे हात कायम गार असतात. भुतासारखे. उद्या सकाळी तू बस."

"मी नाही बसणार. तुमची जागा आहे ती."

"जागा यंत्राची आहे," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण पुढे बोलायची सोय उरली नाही.

संध्याकाळी त्यांनीच ठोकळे झोपवले. सकाळी मी एकटी आत गेले. त्या दोन दारांच्या पलीकडे, काचेबाहेर उभ्या होत्या. खाली-वर होणाऱ्या त्यांच्या बोटाकडे बघून मी चिमटा उचलायचे, थांबायचे, ठेवायचे. इतकं हळू मी आयुष्यात काही केलं नव्हतं. खोलीभर ती गुणगुण, आणि मला वाटत होतं की मी पाण्याखाली आहे, आणि वरून कुणीतरी माझ्याकडे बघतंय. दुपार झाली. आकडा जागचा हलला नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं, आणि तेही आवरावं लागलं, कारण रडण्यालाही ऊब असते.

बाहेर आले तेव्हा ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "बसला ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "बघ, किती शांत आहे खोली," त्या म्हणाल्या. "इतकी शांत माझ्या वेळी कधीच नव्हती."

मग त्यांनी अंगातला पांढरा कोट काढला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. त्याची बाही अजून कोमट होती.