राखून ठेवलेलं बोट

बाबांनी आपली बोटं आम्हा भावंडांत वाटून दिली आहेत. डावा हात माझा, उजवा सुहासचा. सकाळी उपाशीपोटी शुगर बघून इन्सुलिन द्यायचं काम त्याचं, संध्याकाळी जेवणाआधीचं माझं. बोटाच्या कडेला टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, एवढंच. पण ते रोज असतं, आणि आमच्या नोकऱ्याही रोज असतात. परवा दमून घरी आले, बोट टोचलं आणि मीटरमध्ये पट्टी घालायलाच विसरले. थेंब सुकला. बाबांनी दुसरं बोट पुढे केलं.

मग मी आत्याला फोन केला. आपल्याच माणसाकडे मदत मागताना जीभ किती जड होते. "रविवारी येशील का?" एवढं विचारण्याआधी मी दहा मिनिटं तिच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिले.

रविवारी आत्या चष्मा लावून शिकायला बसली. बाबांनी उजव्या हाताचं मधलं बोट तिच्यापुढे धरलं. त्यावर टोचल्याची एकही खूण नव्हती. सुहास तिथे टोचायला गेला की ते हात मागे घेत. दुखत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

"हे तुझं," ते बहिणीला म्हणाले. "कधीचं राखून ठेवलंय. पोरांनीच विचारायला उशीर केला."