पालथे कॅन

सातारच्या हेड ऑफिसातून परिपत्रक आलं तेव्हा मी सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या डेअरीच्या ऑफिसात क्वालिटी ऑफिसर होते. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. परिपत्रकात म्हटलं होतं की यंदापासून प्रत्येकाने वर्षाचं स्वमूल्यमापन ई-मेलने मॅनेजरसाहेबांकडे पाठवायचं. मथळे तीनच: पूर्ण केलेली उद्दिष्टं, काय शिकलात, पुढच्या वर्षी काय करणार. एका पानाच्या वर नको.

ऑफिसात कॉम्प्युटर एकच होता आणि तोही अकाउंट्सच्या खोलीत, प्लास्टिकच्या झग्याखाली. मोडेम टेलिफोनच्याच लाईनवर. मेल पाठवायची म्हटलं की आधी सगळ्यांना ओरडून सांगायचं, "फोन उचलू नका रे!" मग तो मोडेम किंचाळायचा, आणि चार-पाच वेळा किंचाळल्यावर कधीतरी लाईन लागायची. बीएस्सीनंतर मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यामुळे ऑफिसात मला उगाचच मान होता, आणि तो मला आवडायचाही. खोटं कशाला बोलू?

मी पहिल्याच उद्दिष्टाला अडले. वर्षभर काय केलं? तपासण्या केल्या, रजिस्टरं भरली, फेऱ्या मारल्या. एवढ्यावर कुणी शाबासकी देत नाही. दाखवण्यासारखी गोष्ट एकच होती, ती म्हणजे उन्हाळ्यात दूध नासण्याचं प्रमाण उतरलं होतं. पण ते माझं नव्हतं, हवालदारकाकांचं होतं.

हवालदारकाका म्हणजे कुंडलच्या बाजूच्या आमच्या चिलिंग सेंटरचे प्रमुख. आजूबाजूच्या गावांचं दूध तिथे येऊन थंड व्हायचं आणि मग टँकरने पुढे जायचं. काका लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पन्नाशीचे, ताठ. सहा वर्षं कंत्राटावर होते. सगळे त्यांना हवालदारच म्हणत, मी काका जोडायची.

दर उन्हाळ्यात त्यांच्या पट्ट्यातलं संध्याकाळचं दूध लवकर आंबायचं. दुधात निळा रंग घालून तो किती वेळाने उडतो ते आम्ही बघायचो; दूध चांगलं तर रंग तासन् तास टिकतो. त्यांच्याकडचा रंग बघता बघता उडायचा. मी गवळ्यांवर संशय घेतला, टेम्पोला उशीर होतो म्हणून ड्रायव्हरला झापलं. काकांनी मात्र रिकाम्या कॅनमध्ये नाक घातलं. सकाळी धुतलेले कॅन लगेच झाकण दाबून टेम्पोत रचले जायचे आणि संध्याकाळपर्यंत तसेच ओले, उन्हात तापत गावोगाव पडून राहायचे. आतल्या आत कुबट वास धरायचा आणि त्यात ताजं दूध पडायचं.

त्यांनी भंगारातल्या पाइपांची घोडी वेल्डिंग करून घेतली आणि धुतलेले कॅन तिच्यावर पालथे घालायला सुरुवात केली. कॅन निथळून, उन्हात कोरडे झाल्यावरच झाकण. मे महिन्यात मी तपासणीला गेले तर अंगणभर कॅन उलटे टांगलेले. मी तिथल्या तिथे भेट-रजिस्टरात शेरा मारला: "कॅन उघड्यावर, धुळीत ठेवले जातात. त्वरित बंद करावे."

काकांनी शेरा वाचला आणि एवढंच म्हणाले, "मॅडम, घरात आपुन तवली घासली की पालथी घालतो का न्हाई? आठ दिस थांबा. न्हाई जमलं तर घोडी भंगारात."

आठ दिवसांनी निळा रंग पूर्वीच्या दुपटीहून जास्त वेळ टिकला. मग मी बाकीच्या चार सेंटरांना कॅन पालथे घालायचं परिपत्रक काढलं. त्यावर सही माझी होती, आणि माझं एवढंच.

तर त्या मेलमध्ये पहिल्या उद्दिष्टाखाली मी इंग्रजीत लिहिलं की कॅन पालथे घालून वाळवण्याची पद्धत मी सुरू केली, त्यामुळे उन्हाळ्यातली नासाडी घटली. 'मी'च्या जागी 'आम्ही' लिहून बघितलं. वाक्य एकदम बारीक दिसलं. परत 'मी' केलं. 'काय शिकलात' खाली लिहिलं, प्रत्यक्ष जागेवर निरीक्षण करण्याचं महत्त्व. लाईन तिसऱ्या प्रयत्नाला लागली, मेल गेली, आणि मी चहा प्यायले.

त्याच दुपारी हवालदारकाका आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात वहीचं पान. सेंटरवर कॉम्प्युटर कुठला? साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, "मॅडमकडून टाइप करून घ्या." आणि यंदा कंत्राटावरच्यांनाही भरायला सांगितलं होतं, कारण त्यांच्यापैकी कुणाला कायम करायचं ते यावरूनच ठरणार होतं.

"सा वर्सं झाली मॅडम," काका खुर्चीच्या काठावर बसत म्हणाले. "औंदा झालं तर हुईल. न्हाईतर वय निघून चाललंय. जरा चांगलं लिवा बरं का."

त्यांनी पान उलगडलं. पहिली ओळ कॅनचीच होती.

मी काय करू शकले असते? पुष्कळ. म्हणू शकले असते की काका, माझ्याकडून चूक झाली, सकाळची मेल मी दुरुस्त करते. दोन मिनिटांचं काम होतं. त्याऐवजी मी टाइप केलं की सेंटरची स्वच्छता उत्तम राखली, आवक वेळेवर नोंदवली, कुठलीही तक्रार आली नाही. काका पडद्याकडे बघत होते. त्यांचं इंग्रजी पलटणीतलं, ऑर्डरी आणि पाट्यांपुरतं.

"कॅनचं आलं का त्यात?" त्यांनी विचारलं.

"आलं," मी म्हणाले.

एवढा लहान शब्द. त्यानंतर मी आयुष्यात लहानमोठं पुष्कळ खोटं बोलले असेन, पण हा एक शब्द आठवला की अजूनही कानशिलं तापतात.

"आणि फुडच्या वर्साचं लिवा, पर्मनंट व्हायचं." मी हसून सांगितलं की तसं लिहीत नाहीत, तिथे कामाचं उद्दिष्ट लिहायचं असतं. "मग तुमी लिवाल ते," असं म्हणून ते उठले. जाताना टेबलावर एक पिशवी ठेवली. त्यात त्यांच्या शेतातल्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा होत्या. मी त्या घरी नेल्या आणि आईने उकडल्या. मी खाल्ल्या नाहीत. पोट बरं नाही, असं सांगितलं.

पंधरा दिवसांनी साताऱ्याला बैठक झाली. साहेबांनी सगळ्या मेलींचे प्रिंट काढून फायलीत लावले होते. लांब टेबलाभोवती पाच सेंटरांचे प्रमुख आणि आम्ही ऑफिसातले. साहेबांनी माझं पान काढलं आणि पहिलं उद्दिष्ट मोठ्याने वाचलं, नंतर मराठीत समजावून सांगितलं. "याला म्हणतात डोकं लावून काम करणं," ते म्हणाले. माझ्या समोरच, दोन खुर्च्या सोडून, हवालदारकाका बसले होते. मी ग्लासातलं पाणी बघत होते.

साहेब तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ते काकांकडे वळले. "हवालदार, तुमच्या मेलमध्ये नुसती स्वच्छता, स्वच्छता. मॅडमनी सांगितलंय ते नीट चालू करा तुमच्याकडे. नुसतं झाडून काय होतंय?"

मला वाटलं, आता काका बोलतील. खरं सांगायचं तर तेव्हा वाटलं, बोलावंच त्यांनी, सुटेन एकदाची. काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हिशेब जुळवताना माणूस बघतो, तसं. मग पाठ ताठ करून म्हणाले, "जी साब. चालू करतो."

परतीच्या एसटीत ते पुढे बसले, मी मागे. कराडला गाडी थांबली तेव्हा ते खाली उतरून चहा घेऊन आले, एक कप मला दिला आणि परत पुढे जाऊन बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कप हातात तसाच थंड झाला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना मेल लिहायला बसले. लिहिलं की कॅनची पद्धत हवालदारांची आहे, मी फक्त ती इतर सेंटरांना कळवली. नीट लिहिलं होतं. मोडेम किंचाळला, लाईन लागली नाही. पुन्हा लावली, पुन्हा नाही. पाचव्यांदा नाही लागली तेव्हा मला बरं वाटलं. हलकं, सुटल्यासारखं. टेबलावर फोन होता, टपालाची पाकिटं होती, रोज साताऱ्याला जाणारी गाडी होती. मी मेल पुसून टाकली आणि कॉम्प्युटरवर झगा चढवला. केलेल्या चोरीपेक्षा त्या बरं वाटण्याची लाज मला जास्त वाटते.

त्या वर्षी मला बढती मिळाली. काकांचं कंत्राट आणखी एक वर्ष वाढलं. कायम झाला तो दुसऱ्या सेंटरचा माणूस.

पुढच्या वर्षी परिपत्रक परत आलं आणि काकाही परत आले. तोच इस्त्रीचा शर्ट. मी त्यांना बसवलं आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत टाइप करायला लागले. पहिल्याच ओळीत लिहिलं की कॅन पालथे घालून वाळवण्याची पद्धत मुळात यांनी शोधली आणि यांनीच सुरू केली. मग लिहिलेलं त्यांना मराठीत वाचून दाखवलं. वर्षभर मनात हीच तयारी केली होती. वाटलं, फिटेल.

काकांनी पडद्यावरच्या त्या ओळीकडे बोट केलं.

"खोडा ते," ते म्हणाले.

"काका, पण खरं तेच आहे."

"मला काय सांगता? मला म्हाईत न्हाई व्हय?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला, आणि लगेच उतरला. "आवं, साहेबाच्या फायलीत गेल्या सालचं तुमचं लिवलेलं हाय. आता ह्ये वाचलं की इचारणार, दोघांत खोटं कोन? तुमी पर्मनंट. कंत्राटाचा कोन? मी. चौकशी लागली तर पयला भाईर मी जाईन. औंदा शेवटची बारी हाय माजी. फुडं वयात बसत न्हाई."

मी म्हणाले की मी साहेबांसमोर कबूल करेन. त्यांनी मान हलवली.

"तवा केलं असतं तर झालं असतं. आता लिवा मी सांगतो तसं. आणि लिवलं की वाचून दावा."

त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं: "गेल्या वर्षी मॅडमनी सुचवल्याप्रमाणे आणि साहेबांच्या आदेशानुसार सेंटरवर कॅन पालथे घालून वाळवण्याची पद्धत चालू केली. अंमलबजावणी पूर्ण."

मी वाचून दाखवलं. त्यांनी 'मॅडमनी' या शब्दाशी मला थांबवलं आणि तो आहे ना, याची खात्री करून घेतली.

मग मी खोलीबाहेर ओरडले की फोन उचलू नका. त्या दिवशी लाईन पहिल्याच फटक्यात लागली.