चाळिसांतल्या सोळा खोल्या

ऋता सकाळपासून एका जागी बसली नव्हती. वाराणसीत बालाजी घाटाजवळ वाढलेल्या या मुलीनं इव्हेंट कंपनीतली नोकरी सोडून लग्नांची कामं स्वतः घ्यायला सुरुवात केली होती, आणि पुण्याच्या मालविकाचं काशीतलं लग्न हे तिचं पहिलं मोठं काम होतं.

नदीकाठच्या एका हॉटेलला तिनं प्रस्ताव पाठवला होता. लग्न मार्गशीर्षात, पाहुणे दोनशे. लॉनवरची सजावट, जेवणं आणि दोन रात्रींसाठी चाळीस खोल्या यांचे दर वेगवेगळे, करांसकट कळवावेत. खोल्या कधीपर्यंत राखून ठेवाल तेही सांगावं. मसुदा वडिलांनी, ढुंढिराजांनी वाचला. "पंगतीचं काय?" एवढंच ते म्हणाले. मग ज्येष्ठांना पंगतीत बसवून जेवण वाढण्याची सोयही तिनं मागितली.

दुपारी हॉटेलच्या सुशांतचा फोन आला. "ऋताजी, कोटेशन भेज दिया है. पंगत हो जाएगी. लेकिन एक कॉन्फरन्सवाले सारे कमरे माँग रहे हैं. लॉन उन्हें नहीं चाहिए. आज शाम तक कन्फर्म कर दीजिए."

तिनं लगेच मालविकाच्या वडिलांना, शरदरावांना कळवलं.

"घाई कशाला? अजून दोन हॉटेलांचे दर येऊ देत," ते म्हणाले.

लग्नसराईत काशीतली हॉटेलं थांबत नाहीत, हे त्यांना पुण्यात बसून कसं कळावं? ऋता चपला अडकवून निघाली. गल्लीत रिक्षा मिळेना, तशी ती चालतच सुटली.

हॉटेलात सुशांतसोबत ती मजलेच्या मजले फिरली. लिफ्टजवळच्या खोल्या किती, बाथरूममध्ये आधाराला दांडा कुठे आहे, सगळं बघितलं. मग म्हणाली, "बुज़ुर्गों के लिए सोलह कमरे ही दे दीजिए. सजावट और खाना आपके यहाँ ही रहेगा."

सुशांत मॅनेजरकडे गेला. तो परत येईपर्यंत ती लॉबीत येरझारा घालत राहिली. कॉन्फरन्सवाले काही जणांना एका खोलीत दोघं असं ठेवायला तयार झाले, तेव्हा सोळा खोल्या सुटल्या.

फोनवर हे ऐकून शरदराव मात्र भडकले. "आणि बाकीचे पाहुणे?"

"जवळच्या दोन गेस्टहाऊसांत. ने-आणीला गाड्या ठेवते."

तेवढ्यात त्यांच्या शेजारून मालविकाचा आवाज आला. "बाबा, माझे मित्र-मैत्रिणी दिवसभर घाटावरच असणार. खोलीत कोण बसतंय?"

मग शरदरावांनी विचारलं, "माझ्या आईची खोली लिफ्टपासून लांब नाही ना?"

"समोरच आहे. मी आत जाऊन पाहिलीय."

"मग कर नक्की."

संध्याकाळच्या आत सुधारित पत्र गेलं, आगाऊ रक्कम भरली गेली, हॉटेलची पोचही आली.

ती घरी आल्यावर ढुंढिराजांनी ताट वाढलं. "आता तरी बस."

"हो बाबा," म्हणत तिनं उभ्याउभ्याच घास घेतला आणि गेस्टहाऊसचा नंबर लावला.