सात ते दहा बांधलेला फोन

केडगावच्या आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही, सगळं वायफायवर चालतं. बायकोची धाकटी बहीण मूकबधिर आहे. दोघी व्हिडिओ कॉलवर हातांनी बोलतात. बहीण सुप्याच्या कारखान्यातून सुटते संध्याकाळी सातला, मगच कॉल. मुलाचा जुना फोन बायकोकडे आल्यापासून त्या वेळी चित्र गोठायचं. माझ्या फोनवर नेटचा वेग चाळीस एमबीपीएस, तिच्या फोनवर अर्धा एमबीपीएससुद्धा नाही. आम्ही दोष फोनच्या वयाला दिला. बहिणीनं लिहिलं, "सुट्टीच्या दुपारी नीट दिसतेस. संध्याकाळीच नेट जातं व्हय? कंटाळलीस माझ्याशी." मग तिनं कॉल उचलणं बंद केलं.

परवा संध्याकाळी इंटरनेटवाला पासवर्ड बदलायला आला. राउटरचं पान उघडून म्हणाला, "काकू, हा फोन रोज संध्याकाळी सात ते दहा बांधलेलाय, वेग कमी करून ठेवलाय. पोरगं बारावीला होतं तवा तुम्हीच सांगितलं होतं, अभ्यास सोडून व्हिडिओ बघतं म्हणून."

"ते पोरगं नोकरीला लागलं की," बायको म्हणाली.

"फोन तोच हाय ना."

त्यानं नियम काढला. बायकोनं सगळा खुलासा लिहून पाठवला. बहिणीनं तो वाचल्याची निळी खूण आली. कॉल लावला तर रिंग वाजत राहिली. पडद्यावर बायकोचाच चेहरा होता, अगदी स्वच्छ, आणि बोलण्यासाठी वर धरलेले हात.