डोळे खाली लावलेला ऊस

एकाहत्तर साल असावं. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात मी शेतकी खात्यात नुकताच लागलो होतो. ऊस लावायला खोडव्याचं, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाचं बेणं वापरू नये, कारखान्यानं स्वतःचा बेणेमळा करून नऊ-दहा महिन्यांचं कोवळं बेणं द्यावं, हे मला संचालकांच्या सभेत पटवून द्यायचं होतं. पटलं नाही, तर बेणेमळा बारगळणार होता. समोर बसणार होते तीस-तीस वर्षं ऊस पिकवलेले लोक, आणि मी आयुष्यात कधी चारचौघांत उभा राहिलो नव्हतो.

सुरुवात मी पाठ केली होती: "मी अडाणी, आपल्यापुढं माझी काय लायकी?" आमच्या म्हाताऱ्या ओव्हरसियरना ती म्हणून दाखवली. ते तंबाखू मळत म्हणाले, "सायेब, लायकी न्हाई तर मंग आलाय कशाला, असं म्हनतील की. स्वतःवर हसा, पन खरं घडलंय त्याच्यावर. आन् आजच्या कामावर अजिबात हसू नका."

सभेत शिपायानं तक्ता टांगला. मग मी म्हणालो, "मंडळी, पदवी घेऊन आलो त्याच महिन्यात मी एक प्रयोग केला. बाया उसाच्या टिपरीचे डोळे बाजूला ठेवून लावत होत्या. मुळं खाली जातात, म्हणून मी सगळे डोळे खाली करायला लावले; डोळ्यातून फुटलेल्या कोंबाला वर यायचं असतं, हे विसरलोच. दोन सऱ्या. बाकीचा ऊस गुडघ्याला आला, तरी माझा अजून विचारच करत होता."

मग मागून कोणीतरी खुसखुसलं, आणि सगळी खोली हसली. एक जण म्हणाले, "म्या बी लावला हुता तसाच, बापाचा मार खाल्ला." दुसऱ्या एकांनी आपली फजिती सांगितली. ज्यांच्या धाकानं मी रात्रभर तळमळलो, ती माणसं आपापल्या चुका सांगत होती, आणि मी आ वासून ऐकत होतो.

मी तक्त्याकडे वळलो, खोडव्याचं बेणं कमी का उगवतं, कोवळं जास्त का, ते सगळं सांगितलं.

शेवटी सर्वांत वडीलधारे संचालक उठले. त्यांच्या शब्दापुढं तालुक्यात कोणी जात नसे. ते म्हणाले, "माजी उगवन चार सालापास्नं कमी हुतीया. म्या खोडव्याचंच बेनं लावतो. लाजंपायी कुनाला बोललो न्हाई. चुकतंय का रं माजं?"

भर सभेत, चोवीस वर्षांच्या पोराला, त्यांनी हे विचारलं. बेणेमळा मंजूर झाला तो नंतर. त्या घटकेला मात्र मी "व्हय" म्हणेपर्यंत ते तसेच उभे राहिले.